१०० Mbps चा प्लॅन घेतला, पण डाउनलोड ११ वरच का थांबते?

सोनचाफा

नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो आणि गेल्या महिन्यात घरी फायबरचे कनेक्शन घेतले. प्लॅन १०० Mbps चा असून महिन्याची मर्यादा ३३०० GB आहे, आणि हे दोन्ही आकडे पावतीवर स्पष्ट छापलेले आहेत.

मुलाला त्याच्या प्रकल्पासाठी ६ GB ची एक फाइल उतरवून घ्यायची होती. मी हिशेब केला की सेकंदाला १०० या वेगाने ६००० एमबी साठ सेकंदांत, म्हणजे एका मिनिटात याव्यात. प्रत्यक्षात नऊ मिनिटे लागली. क्रोमच्या डाउनलोडच्या यादीत सगळा वेळ ११.२ MB/s च्या आसपास आकडा दिसत होता. संगणक वायफायवर नाही, राउटरला केबलने जोडलेला आहे.

एजंटाला फोन केला तर "मॅडम, लाइन फुल चालू आहे" एवढेच उत्तर मिळाले. त्यांच्या सांगण्यावरून स्पीड टेस्ट केली तेव्हा तेथे ९४ आले. एकाच संगणकावर, एकाच संध्याकाळी एक ठिकाणी ९४ आणि दुसऱ्या ठिकाणी ११ कसे येतात, हे मला समजत नाही. पैसे १०० चे भरून ११ मिळत असतील तर मला लेखी तक्रार करायची आहे, पण त्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

पेठेतला

तक्रार करू नका. पावतीवरचा Mbps मधला b लहान आहे आणि क्रोमच्या MB/s मधला B मोठा आहे. लहान b म्हणजे बिट, मोठा B म्हणजे बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. १०० ला ८ ने भागा, १२.५ येतात. १२.५ आणि ११.२ यांच्यात जो फरक उरतो तो १००० आणि १०२४ चा आहे. तुम्हाला पूर्ण वेग मिळत आहे. कोणताही वेग आठने भागला की प्रश्न मिटतो.

होटगी रोड

माझाही असाच अनुभव आहे. माझ्या मोबाइलवर दिवसाला १.५ GB चा पॅक आहे आणि तो दुपारी तीनपर्यंत संपतो. नंतर काहीच उघडत नाही, नातवंडांचे फोटोसुद्धा गोल फिरत राहतात. हेही आठने भागल्यामुळेच होते का? तसे असेल तर १.५ GB चे प्रत्यक्षात किती मिळतात?

तारजोड

सोनचाफाताई, मी केबल आणि फायबरच्या देखभालीच्या कामात बरीच वर्षे आहे, आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नव्या ग्राहकाकडून ऐकायला मिळतो. पेठेतला यांनी मूळ गोष्ट बरोबर सांगितली आहे, पण त्यांचे शेवटचे वाक्य मला मान्य नाही. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी तुमचा हिशेब पूर्ण करू, कारण तुमच्याकडे तिन्ही आकडे आहेत आणि ते एकमेकांशी नेमके जुळतात.

प्लॅनमध्ये सेकंदाला १०० मेगाबिट लिहिले आहेत. आठने भागल्यावर १२.५ मेगाबाइट होतात. आता फाइल तारेवरून अखंड येत नाही, ती लहान लहान पाकिटांत येते. नेहमीच्या पाकिटात तुमच्या फाइलचे १४६० बाइट असतात. त्यावर पत्ता, क्रमांक, तपासणी आणि दोन पाकिटांमधील मोकळी जागा मिळून तारेवर १५३८ बाइटांची जागा व्यापली जाते. म्हणजे शंभरातील सुमारे पाच भाग वेष्टनातच जातात. १२.५ चे ९५ टक्के काढले की ११.८७ उरतात. हा भाग वाया जात नाही, कारण त्याच्याशिवाय पाकीट तुमच्या घरी पोहोचणारच नाही, पण तो फाइलमध्ये मोजला जात नाही.

तिसरी पायरी १०२४ ची आहे. क्रोम आणि विंडोज ज्याला एक MB म्हणतात ते १०,४८,५७६ बाइट असतात, तर जोडणीच्या हिशेबात मेगा म्हणजे नेमके दहा लाख. म्हणून ११.८७ ला १.०४८६ ने भागायचे, आणि ११.३ येतात. हा तुमच्या लाइनवर क्रोममध्ये दिसू शकणारा जवळजवळ कमाल आकडा आहे आणि तुम्हाला ११.२ दिसत आहेत. वेळेचा हिशेबही पाहा. विंडोजच्या मापाने ६ GB म्हणजे ६१४४ MB. त्यांना ११.२ ने भागले की ५४८ सेकंद, म्हणजे नऊ मिनिटे आणि आठ सेकंद होतात.

स्पीड टेस्टचे ९४ घ्या. ९४ भागिले ८ म्हणजे ११.७५, आणि ते १.०४८६ ने भागले की पुन्हा ११.२. दोन्ही खिडक्या तुम्हाला एकच वेग दाखवत होत्या. कृपया तक्रार करू नका, तुमची लाइन उत्तम आहे.

पेठेतला

वेष्टनाचा भाग मी धरला नव्हता हे खरे, पण निष्कर्ष तोच आला. मग माझ्या वाक्यात चूक काय राहिली?

तारजोड

१०२४ चा फरक एकटा धरला तर १२.५ चे ११.९२ च होतात, ११.२ पर्यंत तो नेत नाही. ही झाली लहान बाब. मोठी बाब अशी की "आठने भागले की प्रश्न मिटतो" हे वाक्य आमच्या क्षेत्रातील काही मंडळी ग्राहकाला गप्प करण्यासाठी वापरतात. भागाकार केल्यानंतर येणारा आकडा पडद्यावरच्या आकड्याशी जुळतो की नाही, हे पाहायचेच राहून जाते. जुळला नाही तर दोष खरा असतो आणि तो शोधावा लागतो.

होटगी रोड काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे. १.५ GB हे डेटाचे प्रमाण आहे, तेथे मोठा B आहे आणि ते बाइटमध्येच मोजले जाते, त्यामुळे त्याला आठने भागायचे नाही. मात्र पॅक संपल्यानंतर पुष्कळदा वेग ६४ Kbps वर आणला जातो. तेथे भागाकार करावा लागतो. ६४ भागिले ८ म्हणजे सेकंदाला ८ KB. २ MB चा एक फोटो त्या वेगाने यायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागतो, म्हणून तो गोल फिरत राहतो.

होटगी रोड

आता उलगडा झाला. धन्यवाद. वाय-फाय घ्यावे असे मुलगा म्हणतो, त्याचा विचार करतो.

सोनचाफा

तारजोड दादा, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. तक्रारीचा विचार सोडला. तरी एक खटकते. पावतीवर एकाच ओळीत वेग बिटमध्ये आणि मर्यादा बाइटमध्ये लिहिली आहे. दोन्ही एकाच मापात लिहिता आले नसते का? माझ्यासारख्या माणसाने दोन आकडे शेजारी पाहिले तर ते एकाच मापाचे आहेत असेच तो धरून चालणार.

यंत्रमाग

आमच्याकडे अक्कलकोट रोडला कारखान्यात हे रोजचेच आहे. मागाचा वेग आम्ही मिनिटाला किती पिक, म्हणजे आडवे धागे, पडतात त्यावर सांगतो, पण व्यापाऱ्याला चादरी मोजून देतो. पिक जास्त पडले म्हणून तितक्या चादरी निघाल्या असे कधी होत नाही; एका चादरीला किती पिक लागतात ते ठाऊक असल्याशिवाय हिशेब लागत नाही. मला वाटते लाइनवाले मागाचा वेग सांगतात आणि क्रोम चादरी मोजतो.

तारजोड

यंत्रमाग शेठ, अगदी योग्य. तारेवरून बिट एकामागून एक जातात, म्हणून जोडणी बांधणारे लोक पहिल्यापासून सेकंदाला किती बिट गेले तेच मोजत आले आहेत. टेलिफोनच्या मोडेमच्या काळातही ५६ Kbps लिहिलेले असायचे आणि फाइल सेकंदाला ७ KB च्या वर कधी येत नसे. साठवणुकीचे माप मात्र बाइटमध्ये रुजले, कारण संगणकात अक्षर, फोटो, फाइल हे सगळे बाइटच्या हिशेबाने ठेवले जाते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. अडचण फक्त पावतीवर येते, कारण तेथे दोन्ही शेजारी येतात.

सोनचाफाताई, त्या एकाच ओळीतून एक उपयोगी हिशेब मात्र निघतो. १०० Mbps म्हणजे सेकंदाला १२.५ MB. ३३०० GB म्हणजे ३३ लाख MB. भागाकार केला की २,६४,००० सेकंद, म्हणजे सुमारे ७३ तास होतात. पूर्ण वेगाने अखंड उतरवत राहिले तर महिन्याची मर्यादा तीन दिवसांत संपते. घरगुती वापरात असे कोणी करत नाही, पण दोन मापे एका हिशेबात कशी आणायची ते यातून कळते.

कायदेशीर

मला हा मुद्दा इतका सौम्यपणे सोडावासा वाटत नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत "१००" असते आणि त्याखाली "Mbps" वाचायला भिंग लागते. ज्या ग्राहकाने आयुष्यात फक्त GB आणि MB हेच शब्द ऐकले आहेत, तो त्याचा अर्थ काय घेणार हे जाहिरात करणाऱ्याला पूर्ण ठाऊक असते. आकडा तांत्रिकदृष्ट्या खरा असला तरी त्यातून होणारा समज खोटा असेल, तर तो समज दूर करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. प्रत्येक प्लॅनसमोर "सुमारे ११ MB/s" असे लिहायला कोणाचीही हरकत असू नये.

भीमाकाठ

माझे मत वेगळे आहे. Mbps हे जगभर एकच माप आहे आणि सर्व कंपन्या तेच वापरतात, म्हणून निदान दोन प्लॅनची तुलना करता येते. एकाने MB लिहिले आणि दुसऱ्याने Mb लिहिले तर आजच्यापेक्षा जास्त गोंधळ होईल. शिवाय ११ MB/s असे छापले तर वायफायवर ६ मिळणारा प्रत्येक ग्राहक त्यावर बोट ठेवून भांडेल.

कायदेशीर

मी माप बदला असे म्हटलेले नाही, दोन्ही छापा असे म्हटले आहे. आणि ६ का मिळतात असे ग्राहकाने विचारले, तर त्याचे उत्तर मिळण्याचा त्याला हक्क आहेच.

रीळ आणि लेन्स

मला येथे माझी अडचण मांडायची आहे, कारण "आठने भागा" हे उत्तर मला मिळाले आणि त्याने माझे समाधान झाले नाही.

नवी पेठेजवळ माझा स्टुडिओ आहे. लग्नसराईत एका लग्नाचे ४० GB च्या आसपास चित्रीकरण संपादनासाठी पाठवावे लागते. पूर्वी १०० Mbps चा प्लॅन होता आणि तेवढे पाठवायला जवळजवळ तास लागायचा. वेळ वाचावा म्हणून २०० Mbps चा प्लॅन घेतला. आता दरमहा जास्त पैसे भरतो, पण पाठवायला तेवढाच वेळ लागतो आणि डाउनलोडही क्रोममध्ये ११.३ MB/s च्या वर एकदाही गेलेले नाही. वायफाय वापरत नाही, केबलच आहे. राउटरही बरा आहे, खोक्यावर ३०० Mbps लिहिलेले आहे, म्हणजे २०० त्यातून सहज जायला हवेत. तक्रार केल्यावर माणूस आला आणि म्हणाला, "साहेब, MB आणि Mb मध्ये फरक असतो, आठने भागून पाहा." एवढे सांगून तो निघून गेला.

पेठेतला

तो बरोबरच सांगत होता. २०० भागिले ८ म्हणजे २५. वेष्टन, १०२४ वगैरे जाऊन... पण मग ११ नाही, २२-२३ दिसायला हवेत. येथे काही तरी वेगळे आहे खरे.

तारजोड

मी वर ज्या प्रकाराबद्दल बोललो तो हाच. रीळ आणि लेन्स, तुमची लाइन २०० ने चालत असेल तर क्रोममध्ये २२.६ च्या आसपास आकडा यायला हवा. तुम्हाला बरोबर निम्मा येतो आहे, आणि तो निम्मा आकडाही कोणताही नाही. ११.३ हा १०० Mbps च्या तारेचा कमाल आकडा आहे, जो सोनचाफाताईंच्या हिशेबात निघाला. गर्दीमुळे किंवा समोरचा सर्व्हर संथ असल्यामुळे वेग कमी होतो तेव्हा तो हलतो. कधी ८, कधी १५, रात्री २०. दिवसरात्र ११.३ वर खिळलेला आकडा दिसला की मला शंका येते की प्लॅन वाढला, पण वाटेत कोठे तरी १०० ची जोडणी तशीच राहिली.

नवशिक्यांसाठी एक सोपी खूण सांगतो. प्लॅनच्या आकड्याला क्रोममध्ये दिसणाऱ्या आकड्याने भागा. उत्तर ९ च्या जवळ आले तर फरक केवळ मापाचा आहे. सोनचाफाताईंचे १०० भागिले ११.२ म्हणजे ८.९. तुमचे २०० भागिले ११.३ म्हणजे १७.७. आठऐवजी नऊ अशासाठी की त्यात वेष्टन आणि १०२४ दोन्ही मावतात.

आता १०० ची जोडणी कोठे असू शकते ते पाहू. पहिली शंका केबलवर. त्या केबलमध्ये आठ तारा असतात. १०० Mbps साठी त्यांपैकी चारच लागतात, पण गिगाबिटसाठी आठही धडधाकट हव्यात. घाईत लावलेल्या पिनमध्ये चारच तारा बसवलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत, आणि एखादी तार तुटली तरी लाइन बंद पडत नाही, निमूटपणे १०० वर उतरते. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून ही ओळ चालवा आणि LinkSpeed च्या खाली काय येते ते येथे कळवा.

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed
```

मृण्मयी_के

मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. माप पडताळण्याचा आणखी एक सोपा मार्ग सुचवते, त्यात भागाकारसुद्धा करावा लागत नाही. मोठी फाइल उतरत असताना टास्क मॅनेजर उघडा, त्यात परफॉर्मन्सच्या पानावर इथरनेट निवडा. तेथे वेग Mbps मध्ये दिसतो. क्रोम ११.२ MB/s दाखवत असतो त्याच क्षणी तेथे ९७ च्या आसपास आकडा दिसतो. सोनचाफा काकू, तुमच्या मुलाला हे करून पाहायला सांगा, एका दृष्टिक्षेपात शंका फिटेल. खेळ उतरवण्याच्या स्टीममध्ये तर वेग बिटमध्ये दाखवण्याची सोय सेटिंगमध्येच आहे.

एक प्रश्न आहे. राउटरच्या खोक्यावरचे ३०० Mbps वायफायचे असतात ना? मग त्याच्या मागच्या पोर्टचा वेग वेगळा असू शकतो का?

तारजोड

मृण्मयी, तुम्ही योग्य जागी बोट ठेवले आहे. पण आधी केबलचा निकाल कळू द्या.

रीळ आणि लेन्स

ती ओळ चालवली. Ethernet समोर 100 Mbps आले. दुकानातून तयार पिनची नवी केबल आणली, लावली, पुन्हा चालवली तर आता 1 Gbps येते. मला वाटले काम झाले, पण डाउनलोड अजूनही ११.३ वरच आहे. म्हणजे केबलचा दोष नव्हता का?

तारजोड

दोष होता, पण तो एकटा नव्हता. ही आज्ञा तुमच्या संगणकापासून पुढच्या पहिल्या पेटीपर्यंतचाच वेग सांगते. त्यापलीकडे आणखी जोडण्या आहेत. राउटरपासून फायबरच्या पेटीपर्यंतची केबल ही दुसरी, आणि तिच्या दोन्ही टोकांची पोर्ट. संपूर्ण वाटेतील सर्वांत अरुंद जागा जो वेग देईल तोच तुम्हाला मिळतो.

तुमचा संगणक आता 1 Gbps दाखवतो, म्हणजे राउटरचे निदान ते पोर्ट तरी गिगाबिटचे आहे. राउटरच्या पानावर लॉगइन करा आणि इंटरनेट किंवा WAN या पोर्टचा वेग पाहा. तेथे १०० आले तर दोन शक्यता आहेत. एक, राउटर आणि फायबरच्या पेटीमधील केबलमध्ये चारच तारा आहेत. दोन, फायबरच्या पेटीचे ज्या पोर्टमध्ये केबल घातली आहे ते १०० चे आहे; काही पेट्यांत एक पोर्ट गिगाबिटचे आणि बाकीची १०० ची असतात, आणि केबल हाताला येईल त्या पोर्टमध्ये खोचली जाते.

मृण्मयींच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. खोक्यावर ३०० लिहिलेल्या पुष्कळ स्वस्त राउटरची मागची सगळी पोर्ट १०० चीच असतात, कारण तो ३०० चा आकडा हवेतल्या जोडणीचा, आणि तोही आदर्श परिस्थितीतील आहे. रीळ आणि लेन्स यांचा राउटर तसा निघाला नाही हे त्यांचे नशीब. पण २०० चा प्लॅन घेण्याआधी प्रत्येकाने आपल्या राउटरच्या माहितीत १०/१०० लिहिले आहे की १०/१००/१००० ते पाहावे. पहिल्या प्रकारचा असेल तर १०० च्या वरच्या प्लॅनचे पैसे केबलवर कधीच वसूल होणार नाहीत.

सुरवंट

आमच्या घरीही २०० आहे आणि मोबाइलवर टेस्ट केली की ४५ येतात. मग माझी केबलही खराब असणार. तपासून घेतो.

मृण्मयी_के

सुरवंट, मोबाइल केबलवर नसतो, त्यामुळे त्या आकड्यावरून केबलबद्दल काही सांगता येत नाही. तुमचा फोन २.४ GHz वर जोडलेला असण्याची शक्यता जास्त वाटते. साध्या फोनला त्या पट्ट्यात पुष्कळदा ७२ Mbps ची जोडणी मिळते आणि तिच्यातून प्रत्यक्षात ४०-५० च येतात. राउटरमध्ये ५ GHz ची सोय असेल तर त्यावर जोडून, राउटरच्याच खोलीत बसून पुन्हा पाहा. लाइनची परीक्षा मात्र केबलवर संगणक लावूनच करावी.

सुरवंट

५ GHz वर जोडल्यावर १६० आले. केबलला हात लावत नाही. आभार.

रीळ आणि लेन्स

तारजोड साहेब, राउटरच्या पानावर WAN समोर 100M असेच लिहिले होते. फायबरच्या पेटीला चार पोर्ट आहेत आणि केबल तिसऱ्या पोर्टमध्ये होती. पहिल्या पोर्टखाली GE असे अक्षर दिसले, बाकीच्यांखाली FE. केबल पहिल्यात घातली, पण तरीही 100M च. मग ती केबल काढून पाहिली, तर पारदर्शक पिनमध्ये चारच रंगीत तारा दिसल्या, बाकीच्या मागे दुमडून ठेवल्या होत्या. जुन्या राउटरची तयार केबल कपाटात होती, ती लावली आणि आकडा 1000M झाला.

आता क्रोममध्ये डाउनलोड २२.४ वर चालले आहे. म्हणजे एका वाटेवर केबलही दोषी होती आणि पोर्टही चुकीचे होते. मला राग या गोष्टीचा आहे की जो माणूस पाहायला आला होता, त्याच्या हाताशी ती पेटी होती आणि त्याने आठने भागायला सांगितले.

तारजोड

२०० भागिले २२.४ म्हणजे ८.९. आता तुमची लाइन पूर्ण वेगाने चालते आहे. GE म्हणजे गिगाबिटचे पोर्ट आणि FE म्हणजे १०० चे. त्या पेटीवर ही अक्षरे इतकी बारीक असतात की दिवसाढवळ्याही टॉर्च लावून वाचावी लागतात.

आलेल्या माणसाबद्दल तुमचा राग रास्त आहे. नव्या मुलांना दिवसाला इतक्या जागा उरकायला लावतात की त्यांच्याकडे एका घरी दहा मिनिटेही नसतात, पण म्हणून चुकीचे उत्तर बरोबर ठरत नाही. त्याने तुमचा आकडा विचारून एकदा भागाकार केला असता तरी निम्मा वेग त्याच्या लक्षात आला असता.

कायदेशीर

प्लॅन वाढवून घेतल्यापासून जादा भरलेल्या पैशांचे काय? कंपनीच्या माणसाने लावलेल्या केबलमध्ये चारच तारा असतील, तर २०० चा वेग ग्राहकाला वापरता येईल अशी व्यवस्था कंपनीने दिलीच नव्हती, असे म्हणता येईल. मी असतो तर जुन्या केबलच्या पिनचा फोटो आणि LinkSpeed चा पडद्यावरचा फोटो जोडून लेखी परतावा मागितला असता.

भीमाकाठ

केबल कोणी लावली हे आधी ठरवावे लागेल. सोलापुरात अर्ध्या घरांत ती केबल एजंट लावतो, काही ठिकाणी घरमालकाने आधीच ओढून ठेवलेली असते. कंपनी जबाबदारी फायबरच्या पेटीपर्यंतच आहे असे म्हणेल.

रीळ आणि लेन्स

केबल एजंटाच्याच माणसाने लावली होती. परताव्याचे पत्र लिहितो, पाहू काय होते.

पण माझी मूळ अडचण अजून आहे. डाउनलोड दुप्पट झाले तरी काल ४० GB पाठवायला पुन्हा जवळजवळ तासच लागला. पाठवताना टास्क मॅनेजरमध्ये ९८ च्या वर काही जात नाही.

तारजोड

आता केबल आणि पोर्ट दोन्ही बाजूला ठेवा, कारण त्याच वाटेने डाउनलोड २०० ने येत आहे. हिशेब करू. ४० GB ला ८ ने गुणले की ३२० गिगाबिट, म्हणजे ३,२०,००० मेगाबिट. २०० ने भागले तर १६०० सेकंद, म्हणजे सत्तावीस मिनिटे. १०० ने भागले तर ३२०० सेकंद, म्हणजे त्रेपन्न मिनिटे, आणि वेष्टन धरून छप्पन्नच्या आसपास. तुम्हाला तास लागतो आणि टास्क मॅनेजर ९८ दाखवतो, म्हणजे तुमचे पाठवणे १०० ने होत आहे.

काही प्लॅनमध्ये उतरवण्याचा आणि पाठवण्याचा वेग सारखा असतो, काहींमध्ये पाठवण्याचा कमी ठेवलेला असतो आणि जाहिरातीत मोठा आकडा फक्त उतरवण्याचा असतो. पावतीवर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये प्लॅनच्या तपशिलात अपलोडचा वेग वेगळा लिहिला आहे का ते पाहा. दुसरी शक्यता अशी की ज्या ठिकाणी तुम्ही फाइल पाठवता तेथेच १०० ची मर्यादा आहे. केबलवर स्पीड टेस्ट करून अपलोडचा आकडा पाहा. तेथे १९० च्या आसपास आले तर अडथळा समोरच्या बाजूला आहे, ९४ आले तर प्लॅनमध्ये आहे.

रीळ आणि लेन्स

टेस्टमध्ये अपलोड ९४.६ आले. पावतीवर फक्त "२०० Mbps" आहे, अपलोडचा उल्लेख नाही. एजंटाला विचारले तर सोमवारी ऑफिसातून सांगतो म्हणाला.

सोनचाफा

मृण्मयी, मुलाने टास्क मॅनेजर उघडून दाखवला, क्रोममध्ये ११.२ आणि तेथे ९७, दोन्ही शेजारी शेजारी पाहिले. माझ्या पावतीवरही अपलोडचा वेगळा आकडा नाही, म्हणून तो मीही एजंटाकडून लेखी मागवला आहे. रीळ आणि लेन्स, तुम्हाला सोमवारी काय उत्तर मिळते ते येथे जरूर लिहा.